बोटात अडकलेली अंगठी: थंड पाणी, दोरा आणि दवाखान्याची वेळ

मे महिन्यातली दुपार होती. शिवाजी पेठेतल्या एक काकू सुनेला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. डाव्या हाताच्या अनामिकेत सोन्याचं वेढणं, बत्तीस वर्षं न काढलेलं. पहाटेपासून गच्चीवर कुरडया घालायचं काम चाललं होतं. नऊच्या सुमारास वेढणं काचायला लागलं, म्हणून त्यांनी भांड्याचा साबण लावून ओढून बघितलं. मग मुलानं ओढलं. मग सुनेनं खोबरेल तेल लावलं आणि पुन्हा सगळ्यांनी ओढलं. दुपारपर्यंत बोटाचा मधला सांधा लालबुंद होऊन दुप्पट दिसायला लागला.

"डॉक्टर, सकाळी नुसतं घट्ट होतं. आता जागचं हलंना झालंय," काकू म्हणाल्या.

काकूंचं वेढणं त्या दिवशी न कापता निघालं. कसं निघालं ते सांगतेच, पण त्याआधी ते अडकलं कशानं हे समजून घ्यायला हवं. ते समजलं की घरी काय करायचं आणि कुठे हात आखडता घ्यायचा, दोन्ही आपोआप लक्षात येतं.

## अंगठी अडकते ती सांध्यापाशी

आपलं बोट पाइपासारखं सरळ नसतं. मुळाशी ते बारीक असतं, मधल्या सांध्यावर रुंद आणि पुढे पुन्हा निमुळतं. अंगठी मुळाशी बसते आणि काढताना तिला तो रुंद सांधा ओलांडावा लागतो. सांध्यातलं हाड काही दाबलं जात नाही. दाबली जाते ती त्याच्यावरची कातडी आणि मांस, म्हणजे जागा करायची झाली तर तिथेच करायची.

आपण अंगठी सरळ ओढतो तेव्हा कातडी तिच्याबरोबर पुढे सरकते आणि सांध्यावर तिच्या वळकट्या जमतात. आधीच रुंद असलेल्या जागी आपणच आणखी एक उंचवटा उभा करतो. वर ओढाताणीनं तिथल्या मांसाला इजा होते, ते सुजतं आणि दर खेपेला वाट थोडी आणखी अरुंद होते. काकूंच्या घरी सकाळी नऊ ते बारा हेच झालं होतं.

कासाराला बांगड्या भरताना आठवा. तो बांगडी कधी सरळ रेटत नाही. हात दाबून मऊ करतो, अंगठ्याचं हाड आत घेतो आणि बांगडी थोडी एका बाजूनं, थोडी दुसऱ्या बाजूनं फिरवत वर चढवतो. अंगठी काढायची रीत तीच आहे, दिशा तेवढी उलटी.

## सूज थांबत का नाही?

बोटात रक्त आणणाऱ्या नळ्यांना धमन्या म्हणतात. त्यांच्या भिंती जाड असतात आणि आत रक्ताचा दाब चांगला असतो. रक्त परत नेणाऱ्या शिरा मात्र पातळ आणि कमी दाबाच्या असतात. अंगठी काचली की आधी दबतात त्या शिरा. म्हणजे बोटात रक्त येत राहतं, पण परत जायची वाट अडते.

कोल्हापूरकरांना हे वेगळं समजवायला नको. पंचगंगा फुगली की जयंती नाल्याचं पाणी नदीत जायचं थांबतं. वरून पाऊस चालूच असतो, पाण्याला जायला जागा नसते आणि ते मागे वस्तीत पसरतं. बोटात अगदी असंच पाणी तुंबतं. तुंबलं की बोट फुगतं, फुगलं की अंगठी आणखी काचते आणि काचली की शिरा आणखी दबतात. हे चक्र असंच चालू राहिलं तर शेवटी धमन्याही दबतात. मग बोटाला ताजं रक्तच मिळत नाही. तिथून पुढे प्रश्न अंगठीचा राहत नाही, बोट वाचवण्याचा होतो.

सुरुवात मात्र साध्या कारणांनी होते. उन्हात, शेगडीपाशी काम केलं की बोटं फुगतात, कारण उष्णतेनं रक्तवाहिन्या रुंदावतात. हात बराच वेळ खाली लोंबता राहिला तरी फुगतात. गरोदरपणात, वजन वाढल्यावर, संधिवातात फुगतात. गांधीलमाशी चावल्यावर तर बघता बघता.

## काहीही करण्याआधी एक मिनिटाची तपासणी

पहिल्यांदा रंग बघायचा. बोट गुलाबी किंवा लालसर असेल तर रक्त फिरतंय. निळं, जांभळं, काळपट किंवा पांढरंफटक असेल तर घरी एकही प्रयोग करायचा नाही, थेट दवाखाना गाठायचा.

मग नख दाबून बघायचं. त्या बोटाचं नख पाच सेकंद दाबून सोडलं की आधी पांढरं पडतं आणि साधारण दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी होतं. शेजारच्या बोटाचं नखही तसंच दाबून बघा. अडकलेल्या बोटाला त्याच्यापेक्षा स्पष्ट जास्त वेळ लागत असेल तर रक्तपुरवठा कमी पडतोय असं समजायचं. नखावर मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर बोटाच्या टोकाचा मऊ गर दाबायचा. ही तपासणी बर्फ लावण्याआधी करायची, कारण गार झालेल्या बोटात रंग एरवीही सावकाश परततो आणि आपली फसगत होते.

शेवटी डोळे मिटायला सांगून बोटाच्या टोकाला कापसानं हलकं शिवायचं. स्पर्श कळला पाहिजे. मधुमेहात अनेकांची हातापायाची जाण मुळातच कमी झालेली असते. अशा माणसाचं "काही दुखत नाही" हे बोलणं पुरेसं धरू नका, रंगावरच विश्वास ठेवा.

काकूंचं बोट लाल होतं, नखाचा रंग दोन सेकंदांत परतत होता, स्पर्श कळत होता. म्हणजे आमच्या हाताशी वेळ होता.

## थंड पाणी, आणि हात वर

पहिलं काम, ओढणं बंद. दुसरं, तुंबलेलं पाणी खाली उतरवणं.

पातेल्यात साधं पाणी घेऊन त्यात चार-पाच बर्फाचे खडे टाकायचे आणि हात पाच ते आठ मिनिटं त्यात बुडवून ठेवायचा. गारव्यानं रक्तवाहिन्या आकसतात आणि बोटात येणारं रक्त कमी होतं. बर्फ कातडीवर थेट दाबून धरायचा नाही, त्यानं कातडी भाजल्यासारखी होते. बोट बधिर व्हायला लागलं की हात बाहेर काढायचा. थंडीत ज्यांची बोटं एरवीही पांढरी पडतात किंवा ज्यांच्या हातांना जाण कमी आहे, त्यांनी बर्फ टाळून माठातल्या पाण्यावर भागवावं.

मग हात पुसून काळजाच्या वर धरायचा. पलंगावर आडवं होऊन हात दोन-तीन उशांवर ठेवला किंवा बसल्या बसल्या तळहात डोक्यावर ठेवला तरी चालतो. दहा मिनिटं तसंच. या वेळात दुसऱ्या हातानं बोट टोकाकडून तळहाताकडे हळूहळू दाबत न्यायचं, गाईच्या सडातून धार काढतात त्याच्या उलट दिशेनं.

आता तेल. खोबरेल तेल, व्हॅसलिन, भांड्याचा पातळ साबण, जे असेल ते. ते नुसतं वरून चोपडून उपयोग नाही, अंगठीच्या खाली आणि सांध्यावर सगळीकडे गेलं पाहिजे. कातडी खरचटली असेल तर साबण नको, झोंबतो आणि जखम चिघळवतो. तेल मुरलं की सांध्यावरची कातडी दुसऱ्या हातानं मागे, मनगटाकडे ताणून धरायची आणि अंगठी फिरवत फिरवत पुढे आणायची. बोट किंचित वाकवलं तर सांध्यावरच्या घड्या सुटतात. काकूंना नुसत्या साबणानं जमलं नाही याचं कारण एवढंच की त्यांनी पाणी न उतरवताच ओढायला सुरुवात केली होती.

एवढ्यानं बऱ्याच अंगठ्या निघतात. काकूंचं वेढणं गोल फिरायला लागलं, पण सांध्याच्या अलीकडे येऊन थांबलं. म्हणून दोरा काढला.

## दोऱ्याची युक्ती

हिची कल्पना साधी आहे. सुजलेल्या भागावर दोरा घट्ट गुंडाळायचा, म्हणजे मांस दाबलं जातं आणि कातडीच्या वळकट्या होत नाहीत. मग दोरा मुळाकडच्या टोकानं उलगडायचा, की अंगठी एकेका वेढ्यावरून पुढे सरकत जाते.

दोरा कोणता? मेडिकलमध्ये दात साफ करायचा फ्लॉस मिळतो, तो सगळ्यात चांगला, कारण तो चपटा आणि गुळगुळीत असतो. नाहीतर जाडसर रेशमी किंवा नायलॉनचा गुळगुळीत दोरा घ्यावा. शिवणाचा बारीक दोरा कातडीत रुततो. सुतळी खरखरीत असते, आणि मांजाला तर हातही लावू नये. लांबी किती हा प्रश्न नेहमी येतो. सांध्यापाशी बोटाचा घेर साधारण साडेसहा सेंटिमीटर धरा. अंगठीपासून सांधा ओलांडेपर्यंत दोन-अडीच सेंटिमीटर झाकायचं, म्हणजे फ्लॉसचे पंधरा-एक वेढे. त्यालाच एक मीटर लागतो. हातात धरायला वेगळा हवा. म्हणून दीड मीटर, म्हणजे तीन-सव्वातीन हात दोरा घ्यावा. मध्येच दोरा संपला की सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

बोटाला थोडं तेल लावून दोऱ्याचं एक टोक अंगठीखालून बोटाच्या टोकाकडून मनगटाकडे न्यायचं. केसातली पिन तेलात बुडवून तिच्या गोल बाजूनं दोरा ढकलला तर जातो. पलीकडे वीतभर शेपूट बाहेर राहू द्यायचं आणि ते कुणीतरी मनगटापाशी धरून ठेवायचं. अंगठी इतकी रुतली असेल की खालून दोरासुद्धा जात नाही, तर ही युक्ती तिथेच सोडायची आणि दवाखान्यात जायचं.

आता लांब भाग अंगठीला अगदी चिकटून गुंडाळायला घ्यायचा आणि टोकाकडे जायचं. वेढ्याला वेढा लागला पाहिजे, भोवऱ्याला जाळी गुंडाळतो तसा. मध्ये फट राहिली तर तिथून मांस वर येतं आणि अंगठी नेमकी तिथेच अडते. ही चूक सगळ्यात जास्त होते. गुंडाळणं घट्ट हवं, रडू येईल इतकं नको. मधला सांधा पूर्ण झाकून थोडं पुढे गेलं की टोक अंगठ्यानं दाबून धरायचं.

मग मनगटाकडचं शेपूट हातात घ्यायचं, बोटाच्या टोकाच्या दिशेला वळवायचं आणि ज्या दिशेनं गुंडाळलं त्याच दिशेनं बोटाभोवती फिरवत ओढायचं. मुळाकडचा वेढा सुटतो आणि सुटताना अंगठीला थोडं पुढे ढकलतो. एक वेढा, मग दुसरा. घाई करायची नाही. सांध्याच्या माथ्यावर सगळ्यात जास्त दुखतं, तिथे श्वास सोडून हळू पुढे जायचं. माथा ओलांडला की अंगठी जवळजवळ आपोआप सुटते.

गुंडाळलेला दोरा स्वतःच रक्त अडवतो, त्यामुळे घड्याळ लावा. गुंडाळल्यापासून उलगडेपर्यंत पाच मिनिटांहून जास्त वेळ होऊ द्यायचा नाही. बोट तेवढ्यात थोडं जांभळट होईल, ते चालतं, दोरा काढल्यावर रंग लगेच परतला पाहिजे. अंगठी मध्येच अडकली तर दोरा सगळा काढायचा, हात दहा मिनिटं वर धरायचा आणि आणखी एकदा करून बघायचं. दोनदा जमलं नाही तर तिसऱ्यांदा करायचं नाही. तिसऱ्या खेपेपर्यंत सांध्याची अवस्था काकूंच्या घरी झाली होती तशी होते.

काकूंचं पहिल्या खेपेला अर्ध्यावर थांबलं, कारण सांध्यापाशी माझ्या दोन वेढ्यांत फट राहिली होती. दुसऱ्यांदा फ्लॉस जवळजवळ गुंडाळला आणि चौदाव्या वेढ्याला वेढणं निघालं. बत्तीस वर्षांनी उघडी पडलेली पांढरी खाच बघून त्यांनाच भरून आलं.

## "गरम पाण्यानं अंगठी फुगेल ना?"

हा प्रश्न शिकलेली माणसंही विचारतात. धातू गरम केल्यावर प्रसरण पावतो, हे खरंच आहे. पण किती? अठरा मिलिमीटर व्यासाची सोन्याची अंगठी वीस अंशांनी तापवली तर तिचा व्यास सुमारे पाच हजारांश मिलिमीटरनं वाढतो. केसाची जाडी याच्या दहापट तरी असते. उलट तेवढ्याच गरम पाण्यानं बोटातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि सूज वाढते. थंड पाण्यात अंगठी आकसेल ही भीतीही तितकीच निराधार आहे. आपण बोटावर उपचार करतोय, अंगठीवर नाही.

"रात्रभर ठेवलं तर उतरणार नाही का?" असंही विचारतात. बोट गुलाबी आहे, जाण आहे, सूज वाढत नाही आणि नुसतं घट्ट वाटतंय, तर हात उशीवर ठेवून एक-दोन तास थांबायला हरकत नाही. पण सूज वाढत असताना झोपून जाऊ नका. झोपेत रंग कुणी बघत नाही.

## कधी थेट दवाखाना

रंग बिघडलाय, बोट गार किंवा बधिर पडलंय, मुंग्या येताहेत, वाकत नाही, ठणका असह्य आहे, यातलं काहीही असेल तर निघायचं. पडून, दारात चेमटून किंवा ऊस तोडताना मार लागून बोट सुजलं असेल, ते वाकडं दिसत असेल किंवा खोल जखम असेल तर दोरा गुंडाळायचाच नाही. आत हाड मोडलं असेल तर गुंडाळण्यानं ते सरकू शकतं. पू झाला असेल तरी तेच. अंगठी फार दिवस रुतून तिच्यावर कातडी चढली असेल तर ती ओढून काढायची नसते, शस्त्रक्रिया करणारा डॉक्टरच ती काढतो.

मळ्यात साप चावला तर त्या हातातल्या अंगठ्या, बांगड्या, कडं, घड्याळ सूज चढायच्या आत उतरवा आणि तसेच निघा. दोरा, बर्फ, काही करत बसू नका, १०८ ला फोन करा. गांधीलमाशी किंवा मधमाशी चावल्यावर श्वास लागत असेल, ओठ-तोंड सुजत असेल तर अंगठीआधी जीव वाचवायचा असतो, तिथेही १०८. आणि गरोदर बाईचे हात आणि चेहरा अचानक सुजले, सोबत डोकं दुखत असेल किंवा डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर अंगठी निघाली तरी त्याच दिवशी रक्तदाब तपासून घ्या.

कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात जाता येतं. फार दुखत असेल तर डॉक्टर बोटाच्या मुळाशी भूल देतात. कापायची वेळ आली तर एक छोटं हत्यार वापरतात. त्याची पातळ चपटी पट्टी अंगठीखाली सरकते आणि वरून बारीक गोल करवतीचं चाक फिरतं. पट्टी मध्ये असल्यानं करवत कातडीला लागत नाही. सोनं आणि चांदी मऊ, ती लवकर कापली जाते. शनीची लोखंडी अंगठी किंवा स्टीलची अंगठी वेळ घेते. टंगस्टन कार्बाइडच्या काळपट, जड अंगठ्या हल्ली तरुण मुलं घालतात, त्या या करवतीनं कापतच नाहीत. त्या मजबूत पकडीनं हळूहळू दाब देऊन तडकवाव्या लागतात. म्हणून अंगठी कशाची आहे हे आधी सांगा, वेळ वाचतो.

## सोनाराकडे गेलं तर?

बोट गुलाबी आहे, जाण आहे आणि नुसती अंगठी निघत नाही, तर गुजरीतल्या ओळखीच्या सोनाराकडे जाण्यात चूक नाही. अंगठ्या कापण्याचा त्यांचा हात चांगला असतो. फक्त अंगठी आणि कातडी यांच्यामध्ये पातळ पत्र्याची पट्टी सरकवायला सांगा. मशीनचं चाक वापरणार असतील तर मधून मधून पाणी टाकायला सांगा, धातू तापून बोट भाजतं. खडा असेल तर त्याच्या समोरच्या बाजूला कापायचं. बोटाचा रंग बिघडला असेल तर मात्र सोनाराकडे जाऊन वेळ घालवू नका. आणि घरातली पक्कड, कानस, हॅक्सॉ ब्लेड घेऊन तर अजिबात बसू नका.

सौभाग्याची अंगठी कापायची म्हणजे काहीतरी वाईट घडेल, ही भीती मी अनेक बायकांच्या डोळ्यांत बघितली आहे. तिची थट्टा करायला मला आवडत नाही. मी त्यांना एवढंच सांगते की कापलेल्या अंगठीचं सोनं कुठे जात नाही. करवतीचा कीस पडतो तेवढीच घट. सोनार डाग देऊन ती पुन्हा जोडतो, वर माप वाढवून देतो. त्याच सोन्याची, तीच अंगठी पुन्हा बोटात येते. तेच बोट गेलं तर ती घालायची कुठे?

## निघाल्यानंतर

अंगठी निघाल्यावर खाच काही तास दिसते, ते ठीक आहे. रंग काही मिनिटांत सगळ्या बोटांसारखा झाला पाहिजे. मुंग्या किंवा बधिरपणा तासाभरानंतरही राहिला, दुसऱ्या दिवशी सूज वाढली, कातडी फाटलेल्या जागी लाली पसरली, तर दाखवून घ्या. जखम असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही आठवून सांगा.

काकूंना मी आठवडाभर वेढणं घालू दिलं नाही. सांधा पूर्ण उतरल्यावर त्या गुजरीत गेल्या. जाताना त्यांना सांगितलं होतं, माप सकाळी देऊ नका. सकाळी बोटं बारीक असतात, दिवसभराच्या कामानं संध्याकाळी थोडी जाड होतात, आणि वेढणं संध्याकाळच्या बोटालाही सोसलं पाहिजे. त्यांनी तसंच केलं. आता कुरडयांच्या दिवशी त्या वेढणं आदल्या रात्रीच काढून देवघरात ठेवतात.